कपडे वाळत घालायची दोरी आणि हॅट फंक्शन्स: फायनाइट एलिमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फायनाइट एलिमेंट शिकणारी मुलं मला जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र लिहिलेत. सगळीकडे उदाहरण एकच घेतलंय, म्हणजे दर वेळी नवीन आकडे डोक्यात भरायला नकोत. दोन भिंतींच्या हुकांना बांधलेली 4 मीटरची दोरी, ताण 200 न्यूटन, आणि तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे पसरलेले ओले कपडे, मीटरला 10 न्यूटन, म्हणजे साधारण किलोभर. दोरीला किती झोळ पडेल, एवढंच शोधायचंय.

प्रश्न: समीकरण काय आहे आणि त्याला बाउंडरी व्हॅल्यू प्रॉब्लेम का म्हणतात?

झोळ खालच्या दिशेने मोजू आणि त्याला u(x) म्हणू. दोरी फार तिरकी होत नाहीये असं धरलं की समीकरण येतं

```
−T u'' = q,   u(0) = 0,  u(4) = 0
```

T म्हणजे ताण, q म्हणजे मीटरमागचं वजन. डावीकडच्या हुकाशी झोळ शून्य आहे हे माहितीये, पण तिथे दोरी किती उतारावर निघते ते माहिती नाही, ते उजव्या हुकावरही अवलंबून आहे. त्यामुळे एका टोकापासून सुरू करून पुढे पुढे सोडवत जाता येत नाही, दोन्ही टोकांच्या अटी एकदमच सांभाळाव्या लागतात, म्हणून बाउंडरी व्हॅल्यू. या साध्या केसचं उत्तर हातानेच निघतं, `u = q x (4 − x) / (2T)`, मध्यभागी 0.1 मीटर, म्हणजे 10 सेंटीमीटर झोळ. उत्तर माहिती असलेली केस मी मुद्दामच घेतलीये, कारण मेथड कुठे बरोबर येते आणि कुठे फसते ते तेव्हाच नीट दिसतं.

प्रश्न: वीक फॉर्म म्हणजे नक्की काय? समीकरण "वीक" का करायचं?

मूळ समीकरण म्हणतं की दोरीच्या प्रत्येक बिंदूवर −T u'' बरोबर q आलंच पाहिजे. आता या दोरीवर एका जागी भिजलेली चादर टांगा. तिथे दोरीला टोकदार कोपरा पडतो, उतार एकदम बदलतो, आणि त्या बिंदूवर u'' नावाची गोष्टच उरत नाही. दोरी तर समोर दिसतेय, पण समीकरण म्हणतंय की असं उत्तर चालणार नाही. म्हणजे अडचण दोरीत नाहीये, आपण प्रश्न विचारला त्या पद्धतीत आहे.

म्हणून प्रश्न वेगळा विचारायचा. दोरी स्थिर लटकतेय, तिला हाताने किंचित हलवायचं, कुठे किती हलवायचं ते v(x) ठरवतो, फक्त हुकांशी v शून्य कारण हुक हलत नाहीत. एवढ्याशा हलवण्यात कपड्यांच्या वजनाने केलेलं काम आणि ताणाविरुद्ध झालेलं काम सारखं असलं पाहिजे, आणि हे कुठल्याही v साठी खरं पाहिजे. गणितात हेच असं येतं, समीकरणाला v ने गुणायचं, 0 ते 4 इंटिग्रेट करायचं आणि इंटिग्रेशन बाय पार्ट्सने एक डेरिव्हेटिव्ह u वरून काढून v वर टाकायचा:

```
∫ T u' v' dx = ∫ q v dx     (v(0)=v(4)=0 असलेल्या प्रत्येक v साठी)
```

बाय पार्ट्समधून टोकांची जी टर्म येते, `T u' v`, ती v टोकांना शून्य असल्याने जाते. तिला विसरू नका, खाली दोनदा परत लागणार आहे. आता u'' कुठेच नाही, फक्त पहिला डेरिव्हेटिव्ह राहिलाय, त्यामुळे कोपरे असलेली दोरी पण उत्तर म्हणून चालते. "वीक" म्हणजे कमी अचूक असं बिलकुल नाही, u कडून केलेली मागणी कमी झाली एवढंच. जिथे u पुरेसा गुळगुळीत आहे तिथे दोन्ही फॉर्म एकच उत्तर देतात.

प्रश्न: हॅट फंक्शन कसं दिसतं?

दोरीवर 0, 1, 2, 3, 4 मीटरवर खुणा करा, हे नोड. दोन नोडमधला तुकडा म्हणजे एलिमेंट, इथे चार एलिमेंट, प्रत्येकी h = 1 मीटर. नोड 2 चं हॅट फंक्शन φ₂ त्या नोडवर 1 असतं, शेजारच्या 1 आणि 3 वर सरळ रेषेत उतरून 0 होतं आणि त्यापलीकडे सगळीकडे 0. बाजूने बघितलं तर एका खांबाचा तंबू. प्रत्येक आतल्या नोडला असा एक तंबू. मग आपण म्हणतो

```
u ≈ u₁ φ₁ + u₂ φ₂ + u₃ φ₃
```

यात u₁, u₂, u₃ हे आकडे म्हणजे थेट त्या नोडवरचा झोळ, कारण नोड 2 वर φ₂ सोडून बाकी सगळे शून्य असतात. वेगळा अर्थ लावत बसावं लागत नाही. तीन तंबूंची बेरीज म्हणजे नोड ते नोड सरळ रेषांनी जोडलेली दोरी. रिचर्ड कूरंटने 1943 च्या पेपरमध्ये त्रिकोणांवर अशीच तुकड्या-तुकड्यांनी सरळ फंक्शन्स वापरली होती, "फायनाइट एलिमेंट" हे नाव मात्र 1960 मध्ये रे क्लफने दिलं.

प्रश्न: मग मॅट्रिक्स कुठून येते?

वीक फॉर्म प्रत्येक v साठी खरा हवा, पण आपल्या हातात तीनच अज्ञात आहेत, म्हणून v पण तीनच घ्यायचे, φ₁, φ₂, φ₃. अज्ञात मांडायला जी फंक्शन्स वापरली त्यांनीच तपासायचं, ही गालर्किनची पद्धत.

v = φ₂ घेऊन बघू. φ₂ चा उतार नोड 1 ते 2 मध्ये +1 आणि 2 ते 3 मध्ये −1, बाकी 0. नोड 1 ते 2 मध्ये u चा उतार u₂ − u₁, पुढच्यात u₃ − u₂. म्हणून डावी बाजू

```
200 (u₂ − u₁) − 200 (u₃ − u₂) = 200 (−u₁ + 2u₂ − u₃)
```

उजवी बाजू म्हणजे 10 गुणिले तंबूचं क्षेत्रफळ. पाया 2 मीटर, उंची 1, क्षेत्रफळ 1, म्हणजे 10 न्यूटन. दोन्ही बाजूंना 200 ने भागलं की तीन ओळी मिळतात:

```
 2u₁ −  u₂       = 0.05
 −u₁ + 2u₂ −  u₃ = 0.05
      −  u₂ + 2u₃ = 0.05
```

दोरीच्या दोन्ही बाजू सारख्या म्हणून u₁ = u₃. मग मधल्या ओळीतून u₂ − u₁ = 0.025 आणि पहिल्या ओळीतून u₁ = 0.075, u₂ = 0.1. म्हणजे 7.5 सेंटीमीटर, 10 सेंटीमीटर, 7.5 सेंटीमीटर. वरच्या अचूक सूत्रात x = 1, 2, 3 टाका, हेच येतं. मॅट्रिक्समध्ये एवढे शून्य का, तर φ₁ आणि φ₃ हे तंबू एकमेकांवर येतच नाहीत, त्यामुळे त्यांचं इंटिग्रल शून्य. शंभर नोड घेतले तरी एका ओळीत तीनच आकडे.

प्रश्न: सरळ तुकड्याचा दुसरा डेरिव्हेटिव्ह शून्य असतो. मग तो −T u'' = 10 कसं पाळतो?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे खरी आयडिया कळते. तुकड्याच्या आत तो पाळत नाहीच, तिथे डावी बाजू शून्य आहे आणि उजवी 10. पण कोपऱ्यांकडे बघा. नोड 1 च्या डावीकडे उतार 0.075, उजवीकडे 0.025. फरक 0.05, गुणिले ताण 200, झाले 10 न्यूटन. नोड 2 वर उतार 0.025 वरून −0.025, परत 10 न्यूटन. प्रत्येक कोपरा बरोबर 10 न्यूटन उचलतोय, म्हणजे त्या नोडच्या दोन्ही बाजूंचे अर्धा-अर्धा मीटर कपडे जणू एका चिमट्याला गोळा करून तिथे टांगलेत. खऱ्या दोरीचा बाक सगळीकडे पसरलेला असतो, आपल्या दोरीचा बाक फक्त कोपऱ्यांत साठलाय, आणि तंबूने तोलून बघितलं तर दोन्हींचा हिशोब एकच येतो. वीक फॉर्म बिंदू-बिंदूला विचारत नाही, तंबूएवढ्या भागाची सरासरी विचारतो, म्हणून हे चालतं.

प्रश्न: नोडवर उत्तर अगदी तंतोतंत आलं. नेहमी येतं का?

नाही, आणि यावर विसंबून राहू नका. इथे का आलं ते सांगतो. एका नोडवर एकच वजन टांगलं तर खरी दोरी दोन सरळ रेषांत लटकते, हुकापासून वजनापर्यंत एक आणि तिथून दुसऱ्या हुकापर्यंत दुसरी. हा आकार आपल्या तंबूंमधून हुबेहूब बनतो. त्या नोडवरचा झोळ काढायला नेमका हाच आकार v म्हणून लागतो, आणि तो आपल्याकडे आहे, म्हणून तिथे चूक शून्य. ताण जागोजागी बदलता असेल किंवा दोरीखाली स्प्रिंगसारखा आधार असेल, म्हणजे समीकरणात c·u ही टर्म असेल, तर एका वजनाचा आकार सरळ रेषांचा राहत नाही आणि नोडवर पण थोडी चूक येते. q फार वेडावाकडा असेल आणि त्याचं इंटिग्रल तुम्ही अंदाजे काढलं असेल तरीही येते.

नोडच्या मधे तर आपल्या केसमध्ये पण चूक आहेच. x = 0.5 वर खरा झोळ 4.375 सेंटीमीटर, आपला 3.75. फरक 6.25 मिलिमीटर. आठ एलिमेंट केले की सगळ्यात मोठा फरक साधारण 1.56 मिलिमीटर, म्हणजे h अर्धा केला की चूक पाव. तुमचा प्रोग्राम बरोबर आहे का हे बघायचा हाच उत्तम उपाय, उत्तर माहिती असलेली केस घ्या, h दोनदा अर्धा करा, आणि झोळाची चूक दर वेळी चौथाई होत नसेल तर कुठेतरी बग आहे. फक्त चूक नोडच्या मधे मोजा, कारण अशा केसमध्ये नोडवर मोजलीत तर ती आधीच शून्य दिसेल आणि काहीच कळणार नाही.

प्रश्न: हुकावर किती ओढ येते ते काढलं तर चुकीचं येतंय. का?

यात मी स्वतः पूर्ण दोन दिवस घालवलेत, म्हणून सविस्तर लिहितो. कपड्यांचं एकूण वजन 40 न्यूटन, दोन हुक, प्रत्येकावर 20 न्यूटन उभी ओढ, यात शंकाच नाही. आता प्रोग्रामच्या उत्तरातून काढायला जा, पहिल्या तुकड्याचा उतार 0.075, गुणिले 200, येतात 15 न्यूटन. झोळ तर अगदी अचूक आणि ओढ पंचवीस टक्के कमी! मी तेव्हा मॅट्रिक्समध्ये चूक शोधत बसलो होतो, मॅट्रिक्स पूर्ण बरोबर होती.

गंमत अशी की 0.075 हा उतार पण खोटा नाही, तो x = 0.5 वरचा खरा उतार आहे, तुकड्याच्या मध्यावरचा. हुकाशी खरा उतार 0.1 आहे. सरळ तुकड्यात उतार एकच असतो, त्यामुळे टोकाला त्याची चूक h च्या प्रमाणात राहते, h अर्धा केला तर ती फक्त निम्मी होते, पाव नाही.

पण h लहान करत बसायची गरजच नाही. हुकाच्या नोडचा पण एक अर्धा तंबू असतो, φ₀, जो 0 वर 1 असतो आणि 1 मीटरवर 0 होतो. आपण तो वापरला नव्हता, कारण हुकाशी v शून्य ठेवला होता. आता तोच v म्हणून टाका. या वेळी बाय पार्ट्सवाली टोकाची टर्म जात नाही, आणि तीच म्हणजे हुकाची ओढ. तुकड्यातून येणारे 15 न्यूटन आणि अर्ध्या तंबूखालचं वजन 10 × 0.5 = 5 न्यूटन, बेरीज 20. ते हरवलेले 5 न्यूटन म्हणजे हुकाजवळच्या अर्ध्या मीटरचे कपडे, जे थेट हुकाच्या वाट्याला जातात. थोडक्यात, आधाराची ओढ उतारावरून काढू नका, मॅट्रिक्सची जी ओळ तुम्ही बाजूला ठेवली होती त्या ओळीतून काढा. दोन्ही हुकांची बेरीज एकूण वजनाएवढी येते का तेही बघा, पाच सेकंदांचं काम आहे.

प्रश्न: छोटा कोड दाखवाल का?

```python
import numpy as np
L, T, q, n = 4.0, 200.0, 10.0, 4
h = L / n
K = np.zeros((n+1, n+1)); F = np.zeros(n+1)
for e in range(n):
    K[e:e+2, e:e+2] += T/h * np.array([[1, -1], [-1, 1]])
    F[e:e+2] += q*h/2
u = np.zeros(n+1)
u[1:n] = np.linalg.solve(K[1:n, 1:n], F[1:n])
print(u)
print(K[0] @ u - F[0])
```

इथे तंबूप्रमाणे न जाता एलिमेंटप्रमाणे गेलोय. एका एलिमेंटवर दोनच अर्धे तंबू जिवंत असतात, त्यांची दोन बाय दोनची छोटी मॅट्रिक्स मोठ्या मॅट्रिक्समध्ये आपापल्या जागी मिळवायची, याला असेंब्ली म्हणतात. `+=` च्या जागी नुसतं `=` लिहिलंत तर शेजारच्या एलिमेंटचा वाटा पुसला जातो, ही चूक पहिल्यांदा लिहिताना फार जणांकडून होते. शेवटची ओळ −20 देते, वजा म्हणजे हुक दोरीला वरच्या दिशेने ओढतोय.

प्रश्न: "Singular matrix" एरर येतेय.

हुक लावायला विसरलात. `K` पूर्ण पाच बाय पाच तशीच सोडवायला दिली की प्रत्येक ओळीची बेरीज शून्य असते, म्हणजे सगळी दोरी एकसाथ वर-खाली सरकवली तरी मॅट्रिक्सला काही फरक पडत नाही, तिला कुठे धरलंय तेच माहिती नाही. राउंडिंगमुळे कधीकधी एरर येत नाही आणि झोळ अब्जावधी मीटर छापला जातो, कारण तेच.

प्रश्न: एक टोक बांधलेलं नसेल तर?

समजा उजव्या टोकाला कडी आहे आणि ती उभ्या खांबावर बिनघर्षण वर-खाली सरकते. तिथे u माहिती नाही, पण उभी ओढ शून्य म्हणून u'(4) = 0. आता v ला तिथे शून्य ठेवायचं कारण नाही, आणि टोकाची टर्म `T u' v` तरीही जाते कारण u' शून्य आहे. म्हणजे ही अट कुठे लिहावीच लागत नाही, वीक फॉर्ममध्ये ती आपोआप बसते, म्हणून तिला नॅचरल कंडिशन म्हणतात. फक्त u₄ हा एक अज्ञात वाढतो आणि त्याची ओळ येते `200 (u₄ − u₃) = 5`. उत्तर 0.175, 0.3, 0.375, 0.4 मीटर.

उजवीकडे 5 आहे, 10 नाही, कारण शेवटचा तंबू अर्धाच आहे. सवयीने 10 टाकलेत तर टोकाचा झोळ 40 सेंटीमीटरच्या जागी 50 येतो, आणि आकार इतका बरोबर दिसतो की ग्राफ बघून कुणालाच शंका येत नाही.

प्रश्न: चादर एकाच जागी टांगली तर?

कपडे काढून टाका आणि 20 न्यूटनची चादर x = 2 वर टांगा. उजव्या बाजूचं इंटिग्रल म्हणजे वजन गुणिले त्या जागची तंबूची उंची, φ₂ साठी 20, बाकींसाठी 0. झोळ मध्यभागी 10 सेंटीमीटर, आणि संपूर्ण दोरीवर उत्तर अचूक.

तीच चादर 2.5 वर सरकवा. आता φ₂ आणि φ₃ दोन्ही तिथे अर्धे आहेत, म्हणून 10-10 न्यूटन वाटले जातात. नोडवरचे झोळ 3.75, 7.5 आणि 6.25 सेंटीमीटर, तिन्ही अचूक. पण चादरीखाली दोरी खरं तर 9.375 सेंटीमीटर खाली आहे आणि आपली दोरी तिथे 6.875 वरच, अडीच सेंटीमीटरची चूक, कारण खरा कोपरा तुकड्याच्या मधोमध आहे आणि सरळ तुकडा तिथे वाकू शकत नाही. सगळीकडे h लहान करण्यापेक्षा 2.5 वर एक जादा नोड टाका, चूक पूर्ण जाते. तुकडे समान लांबीचे नसले तरी चालतं, कोडमध्ये फक्त प्रत्येक एलिमेंटचा स्वतःचा h घ्यायचा.

प्रश्न: हे तर फायनाइट डिफरन्ससारखंच दिसतंय, 2 आणि −1?

सारखे नोड आणि सारखा ताण असेल तर डावी बाजू तीच येते, हे खरंय. फरक उजव्या बाजूला दिसतो. कपडे फक्त 0 ते 2 मीटरपर्यंत असतील तर नोड 2 वर q चं काय धरायचं, 10 की 0? फायनाइट डिफरन्समध्ये ते तुम्हाला ठरवावं लागतं. इथे तंबूचा डावा अर्धा भागच कपड्यांखाली आहे, इंटिग्रल 5 न्यूटन येतं, विषय संपला.

प्रश्न: दोरीऐवजी लोखंडी सळई किंवा बीम असेल तर हेच तंबू चालतील का?

नाही. बीमच्या वाकण्याचं समीकरण चौथ्या डेरिव्हेटिव्हचं असतं, `EI u'''' = q`. दोनदा बाय पार्ट्स केलं तरी वीक फॉर्ममध्ये u'' आणि v'' राहतात. दोरीला कोपरा पडला तर तिला काही वाटत नाही, पण बीमला कोपरा म्हणजे त्या जागी अमर्याद वाकणं, त्याला लागणारी ऊर्जा पण अमर्याद. तुम्ही तंबू टाकून तुकड्या-तुकड्याने इंटिग्रेट केलंत तर सगळी मॅट्रिक्स शून्य येते, कारण तुकड्यांच्या आत u'' शून्य आहे आणि कोपरे मोजलेच गेले नाहीत. तिथे उतार पण नोडवर जुळवून घेणारी फंक्शन्स लागतात, हर्मिट क्यूबिक, आणि प्रत्येक नोडला दोन अज्ञात असतात, एक झोळ आणि एक उतार.